नवा सेल टाकला तरी टॉर्च तासाभरात मंद: सेलच्या नावातले आकडे वाचून दोष कसा शोधायचा

रात्रीच्या विजेच्या पाळीला उसाला पाणी पाजायला जाताना लागणारा चार्जिंगचा टॉर्च, डोक्याला बांधायचा दिवा, छोटा पंखा, स्पीकर, फवारणीचा चार्जिंग पंप. यातल्या बऱ्याच वस्तूंच्या पोटात गोल लिथियम सेल असतो. सेल दमला की नवा आणून टाकला जातो, आणि काही दिवसांत वस्तू पुन्हा दुरुस्तीला येते. बहुतेक वेळा वस्तूत बिघाड नसतोच. सेल चुकीच्या मापाचा, चुकीच्या जातीचा किंवा खोट्या आकड्याचा असतो. हे तिन्ही दोष सेलच्या अंगावर छापलेल्या नावावरून आणि थोड्या मोजमापावरून ओळखता येतात.

आधी लक्षणं बघा

- सेल आत जात नाही, किंवा जातो पण झाकणाचे आटे धरत नाहीत.
- सेल आत खुळखुळतो. टॉर्च हलवला की उजेड लुकलुकतो.
- झाकण नीट लागतं, पण दिवा लागत नाही. झाकण दाबून धरलं की लागतो.
- सेलवर ९९०० एमएएच क्षमता छापलीय, पण चार्जिंगचा हिरवा दिवा दीड तासात लागतो आणि उजेडही जेमतेम तेवढाच वेळ टिकतो.
- कमी उजेडावर ठीक चालतो, पूर्ण उजेडाचं बटण दाबलं की दिवा एकदम मंद होतो किंवा विझतो.
- चार्ज होताना सेल हाताला चटका बसेल इतका तापतो.

पहिली तीन लक्षणं मापाची आहेत, चौथं क्षमतेचं, पाचवं सेलच्या जातीचं किंवा वयाचं. सहावं दिसलं तर पुढची तपासणी करूच नका. चार्जिंग बंद करा आणि या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा.

तपासणी १: नाव वाचा (खर्च शून्य)

सेलवर पाच आकडी संख्या असते: १८६५०, २१७००, २६६५०, १४५००. दुकानात हिला ‘एटीन सिक्स-फिफ्टी’, ‘ट्वेंटीवन सेव्हन हंड्रेड’ असं म्हणतात. ही संख्या एकसंध वाचायची नाही, तिचे दोन तुकडे करायचे. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये. उरलेले तीन म्हणजे लांबी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. म्हणून १८६५० म्हणजे १८ मिमी जाडीचा आणि ६५.० मिमी लांबीचा सेल. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. २६६५० म्हणजे २६ बाय ६५, म्हणजे लांबी १८६५० इतकीच पण अंगाने जाड. १४५०० म्हणजे १४ बाय ५०, आपल्या घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या मापाचा. १०४४० हा १० बाय ४४, रिमोटमधल्या बारीक सेलच्या मापाचा.

काही कंपन्या शेवटचं शून्य गाळतात. २१७० आणि २१७०० हा एकच सेल आहे. विजेच्या गाड्यांसाठी आलेला ४६८० हा असाच चार आकडी लिहिला जातो: ४६ मिमी जाड, ८० मिमी लांब. चार आकडी नाव दिसलं की बुचकळ्यात पडू नका, दोन आणि दोन असे तुकडे करा.

मात्र वजनकाट्यात आणि कॉम्प्युटरच्या बोर्डावर बसणाऱ्या चपट्या सेलला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. २०३२ म्हणजे २० मिमी व्यास आणि ३.२ मिमी जाडी. तिथे शेवटच्या दोन आकड्यांत दहावा भाग असतो, आणि सेल लिथियमचा असला तरी चार्ज करायचा नसतो. साध्या पेन्सिल सेलवरच्या एलआर ६ या नावातल्या ६ चा तर मापाशी काहीच संबंध नाही, तो नुसता क्रमांक आहे.

आकड्यांच्या आधीची अक्षरं माणसं सोडून देतात, आणि खरा धोका तिथेच असतो. पहिलं अक्षर ‘आय’ म्हणजे लिथियम-आयन. दुसरं अक्षर सेलची जात सांगतं: ‘सी’ म्हणजे कोबाल्ट, ‘एन’ म्हणजे निकेल, ‘एम’ म्हणजे मँगनीज, ‘एफ’ म्हणजे लोह, ज्याला बाजारात लिथियम फॉस्फेट किंवा एलएफपी म्हणतात. तिसरं ‘आर’ म्हणजे गोल. त्यामुळे आयएनआर १८६५० आणि आयएफआर १८६५० मापाने जुळे भाऊ दिसले तरी त्यांचं जेवण वेगळं आहे. आयएनआर, आयसीआर, आयएमआर हे ३.६ किंवा ३.७ व्होल्टचे, आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर थांबायचे. आयएफआर हा ३.२ व्होल्टचा आणि ३.६५ व्होल्टवर थांबायचा. टॉर्चचा चार्जर ४.२ चा असताना त्यात आयएफआर टाकला तर तो रोज मर्यादेपलीकडे भरला जातो, फुगतो आणि लवकर मरतो. उलट केलं, म्हणजे ३.६५ च्या चार्जरवर आयएनआर ठेवला, तर धोका नाही, पण सेल अर्धामुर्धाच भरतो आणि ‘नवा सेल टिकत नाही’ अशी तक्रार येते.

हीच गोष्ट १४५०० ची. तो पेन्सिल सेलच्या खाचेत बरोबर बसतो, पण पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा आणि हा ३.७ चा. रिमोटमध्ये, भिंतीवरच्या घड्याळात किंवा दोन सेलच्या साध्या टॉर्चमध्ये तो टाकला की वस्तू जळण्याचीच शक्यता जास्त. माप जुळलं म्हणजे सेल जुळला असं नाही.

तपासणी २: माप घ्या (खर्च जवळपास शून्य)

छापलेला आकडा हे नाममात्र माप आहे, खऱ्या सेलमध्ये थोडा फरक असतोच. चांगल्या १८६५० चा व्यास वेष्टणासकट १८.२ ते १८.६ मिमी भरतो आणि लांबी ६५.० ते ६५.३. इतका फरक टॉर्चच्या नळीत सहज सामावतो. घोळ होतो तो दोन कारणांनी.

पहिलं कारण धन टोकाचं. सपाट टोकाचा सेल साधारण ६५ मिमी असतो. वर बटणासारखा उंचवटा असलेला दीड-दोन मिमीने लांब. आणि ज्याच्या बुडाशी संरक्षणाची छोटी गोल चकती म्हणजे सर्किट बसवलेलं असतं, तो ६८ ते ७० मिमीपर्यंत जातो. तिघांवरही नाव १८६५० च. मूळ सेल सपाट टोकाचा असेल आणि त्या जागी ६९ मिमीचा संरक्षित सेल घातला, तर झाकण आटे धरत नाही. जोर लावून फिरवलं तर स्प्रिंग चेपते किंवा बुडाची चकती तडकते. उलट बाजूने, बटणाच्या सेलसाठी केलेल्या टॉर्चमध्ये सपाट सेल टाकला की टोक पट्टीला पोचत नाही. झाकण दाबून धरल्यावरच दिवा लागण्याचं लक्षण इथून येतं. त्याला उपाय म्हणून कागद, चांदी किंवा नाण्याचे तुकडे मध्ये कोंबू नका. सुटलेला धातूचा तुकडा धन टोकाच्या कडेवर आला की थेट शॉर्ट होतो, कारण वेष्टणाखालचं सेलचं पूर्ण पत्र्याचं अंग ऋण असतं. योग्य टोकाचा सेल आणणं हाच उपाय.

दुसरं कारण जाडीचं. २१७०० साठी केलेल्या काही टॉर्चसोबत प्लॅस्टिकची नळी येते, तिच्यात घालून १८६५० वापरता येतो. ती नळी हरवली की १८६५० आत नाचतो आणि लुकलुकणं सुरू होतं. सेल बदलण्याआधी नळी शोधा. नाही सापडली तर २१७०० च घ्या, शिवाय तो जास्त वेळही चालेल.

पट्टीने व्यास नीट मोजता येत नाही, व्हर्नियर लागतो. कोल्हापुरात तो शोधायला लांब जावं लागत नाही, उद्यमनगरात लेथ असलेल्या कोणत्याही शॉपमध्ये मिळेल. फक्त धातूचे जबडे एकाच वेळी दोन्ही टोकांना टेकवून लांबी मोजू नका, त्याने सेल शॉर्ट होतो. लांबीसाठी प्लॅस्टिकचा व्हर्नियर वापरा, किंवा एका जबड्यावर चिकटपट्टी लावा.

तपासणी ३: आकडा शक्य आहे का ते कागदावर पाहा (खर्च शून्य)

क्षमता शेवटी जागेवर ठरते. सेलच्या डब्यात जेवढी जागा, तेवढाच पट्ट्यांचा गुंडाळा बसणार. म्हणून नावातल्या आकड्यांवरून क्षमतेचा अंदाज बांधता येतो. व्यासाचा वर्ग गुणिले लांबी हा गुणाकार दोन सेलचा काढा आणि एकमेकांशी ताडून पाहा.

१८६५० साठी १८ गुणिले १८ गुणिले ६५, म्हणजे २१,०६०. २१७०० साठी २१ गुणिले २१ गुणिले ७०, म्हणजे ३०,८७०. दुसरा पहिल्याच्या जवळपास १.४७ पट. आज बाजारात सहज मिळणाऱ्या अस्सल १८६५० ची वरची मर्यादा ३५०० एमएएचच्या आसपास आहे. तिला १.४७ ने गुणलं की ५१०० च्या थोडं पुढे उत्तर येतं, आणि खरोखरच चांगले २१७०० सेल ५००० च्या घरात असतात. दिसायला व्यासात तीनच मिलिमीटरचा फरक, पण वर्ग होत असल्यामुळे तो फार मोठा पडतो.

हा हिशेब लहान सेलला लावला तर उत्तर फुगवून येतं. १४५०० चा गुणाकार ९८००, म्हणजे १८६५० च्या निम्म्याहून थोडा कमी. त्यावरून १६०० एमएएच निघतात, पण प्रत्यक्षात तो ८०० ते १००० च्या आसपास असतो. सेल लहान झाला म्हणून पत्र्याची जाडी, वरचं झाकण आणि गॅस्केट त्याच प्रमाणात लहान होत नाहीत, ते आपली जागा घेतातच. १०४४० तर ३५० च्या आसपास येऊन थांबतो. जाड सेललाही हिशेब तंतोतंत बसत नाही. २६६५० चा गुणाकार १८६५० च्या दुपटीहून थोडा जास्त, तरी बाजारातले चांगले नग ५००० ते ५५०० चे.

जातीचा फरकही धरायला हवा. आयएफआर जातीत त्याच जागेत कमी क्षमता मावते. १८६५० मापाचा आयएफआर ११०० ते १८०० एमएएचचा असतो, आणि त्यात खोटं काही नाही. सोलर दिव्यांत दिसणारा ३२७०० हा बहुधा आयएफआरच, ६००० च्या आसपास. तेव्हा आयएफआर १८६५० वर १५०० लिहिलेलं दिसलं तर ‘हा हलका माल’ म्हणून बाजूला टाकू नका. तो बहुतेक खरं बोलतोय.

आता ९९०० चा सेल घेऊ. १८ बाय ६५ च्या डब्याचं आकारमान साधारण १६.५ घन सेंटीमीटर. ३५०० एमएएच म्हणजे ३.६ व्होल्टला १२.६ वॉट-तास, आणि तेवढ्यासाठी आजवरची सगळी करामत कामी लागलेली आहे. ९९०० म्हणजे ३५.६ वॉट-तास, जवळपास तिप्पट. त्याच डब्यात ते बसवणं शक्य नाही. १८६५० वर ४००० च्या वर कोणताही आकडा दिसला की तो आकडा रद्द समजा. ‘कंपनीने चुकून छापला असेल, ४००० तरी निघतील’ असा सौदा मनात करू नका. जो ९९०० छापतो तो ३००० चा सेल आत घालत नाही. अशा नगांत बहुधा ५०० ते १२०० निघतात.

अस्सल सेलवर एमएएचचा मोठा आकडा अनेकदा नसतोच. तिथे मॉडेलचं नाव असतं, आणि त्यात क्षमता दडलेली असते. सॅमसंगच्या आयएनआर १८६५०-२५आर मधले २५ म्हणजे २५००, ३५ई मधले ३५ म्हणजे ३५००, २१७००-५०ई मधले ५० म्हणजे ५०००. शेवटचं अक्षर कंपनीगणिक वेगळा अर्थ सांगतं, म्हणून ते डोळे झाकून वाचू नका, मॉडेलची डेटाशीट बघा. पाचव्या लक्षणाचं मूळ अनेकदा इथेच असतं. २५आर हा २५०० चाच, पण २० अँपिअर देऊ शकतो. ३५ई मध्ये साठा जास्त, पण तो ८ अँपिअरपर्यंतच. डब्यातली जागा तेवढीच असल्यामुळे कारखान्याला निवड करावी लागते. साठा वाढवायचा तर पट्ट्यांवरचा लेप जाड करायचा, जोर वाढवायचा तर लेप पातळ आणि पट्टी लांब. टॉर्चला दोन-तीन अँपिअर पुरतात, तिथे जास्त साठ्याचा सेल घ्या. ड्रिल मशीनला तो घातला तर बोर मारताना दम टाकतो.

तपासणी ४: वजन करा (खर्च शून्य, काटा मिळाला तर)

खोट्या सेलवर मोठा आकडा छापता येतो, पण आतल्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं वजन फुकट आणता येत नाही. २००० ते ३५०० एमएएचचा खरा आयएनआर किंवा आयसीआर १८६५० हा ४३ ते ५० ग्रॅम भरतो. २१७०० साधारण ६६ ते ७२. १८६५० जर ३५ ग्रॅमच्या खाली भरला, तर आत एक तर लहान गुंडाळा आहे किंवा पोकळी. आयएफआर १८६५० मुळातच हलका, ३८ ते ४२ ग्रॅम, त्यामुळे वजन बघण्याआधी अक्षरं वाचा.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा कोणताही काटा चालतो. हुपरीला चांदीचं काम करणाऱ्या घरांत आणि गुजरीतल्या दुकानांत तर त्याहून बारीक काटे रोज चालू असतात, पाच मिनिटांचं काम आहे. मात्र वजन बरोबर भरलं म्हणजे सेल खरा ठरत नाही. वजन वाढवायला आत भलतंच काही भरलेले नग सापडतात, आणि जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं वेष्टण चढवलेल्या थकलेल्या सेलचं वजनही पूर्ण असतं. हलका भरला तर नापास. पूर्ण भरला तर पुढच्या तपासणीला पात्र, एवढंच.

वजन करतानाच वेष्टणावर बीआयएसचं चिन्ह आणि आयएस १६०४६ हा क्रमांक आहे का पाहा. भारतात विकायच्या लिथियम सेलना ही नोंदणी सक्तीची आहे. सोबत ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून कोणाच्या नावावर आहे ते तपासता येतं. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर पुढे वेळ घालवू नका.

तपासणी ५: व्होल्टेज (साधा मल्टिमीटर)

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल काडी धन टोकाला, काळी बुडाला. काडी अँपिअरच्या भोकात नाही ना, हे आधी पाहा, नाहीतर मीटर आणि सेल दोघांचा शॉर्ट होतो. दुकानातून आलेला नवा आयएनआर सेल बहुधा ३.४ ते ३.७ व्होल्ट दाखवतो, कारण कारखान्यातून तो अर्धवट भरूनच निघतो. पूर्ण चार्ज केल्यावर ४.२ च्या आसपास. चार्जरवरून काढून रात्रभर बाजूला ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. ४.१५ च्या वर राहिला तर ठीक. ४.० च्या खाली आला तर सेल आतून गळतोय, तो वापरात घेऊ नका.

शून्य दिसलं तर दोन शक्यता असतात. संरक्षित सेलचं सर्किट बंद पडलेलं असू शकतं, ते चार्जरवर ठेवल्यावर पुन्हा सुरू होतं. बिनसंरक्षित सेल २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर त्याला चार्ज करून जिवंत करायला जाऊ नका. इतका खाली उतरलेल्या सेलमध्ये ऋण पट्टीचं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना भलत्या जागी जमतं, त्याने आतून शॉर्ट होऊ शकतो. इंटरनेटवर दुसऱ्या सेलच्या तारा लावून ‘जंप’ देण्याचे व्हिडिओ आहेत. सेल त्या वेळी चालू होतो, आणि धोका नंतर उगवतो.

तपासणी ६: क्षमता प्रत्यक्ष मोजा (थोडा खर्च, बराच वेळ)

निकाल इथेच लागतो. योग्य साधन म्हणजे क्षमता मोजणारा चार्जर. तो सेल ४.२ पर्यंत भरतो, मग ठरावीक करंटने खाली उतरवतो आणि बाहेर आलेले एमएएच दाखवतो. ५०० मिलिअँपिअरने २५०० चा सेल उतरायला पाच तास लागतात, घाई नको. जास्त करंटने उतरवलं तर आकडा कमी येतो आणि चांगल्या सेलवर उगीच आळ येतो.

असा चार्जर नसेल तर यूएसबी मीटरवरही काम भागतं. टॉर्चमधलं चार्जिंग सर्किट टीपी ४०५६ सारखं साधं रेषीय असेल, तर यूएसबीतून जितका करंट येतो जवळपास तितकाच सेलमध्ये जातो. टॉर्च विझेपर्यंत उतरवा, मीटर मध्ये लावून पूर्ण चार्ज करा, हिरवा दिवा लागल्यावर मीटरवरचे एमएएच वाचा. हाच सेलच्या क्षमतेचा जवळचा अंदाज. पॉवर बँकवर मात्र हा हिशेब चालत नाही, तिथे ५ व्होल्टवरून व्होल्टेज बदललेलं असतं, म्हणून एमएएच सोडून वॉट-तास वाचायचे आणि ३.७ ने भागायचे. मीटरही नसेल तर घड्याळ बघा: एक अँपिअरच्या चार्जरवर रिकाम्या २६०० च्या सेलला तीन तासांच्या आसपास लागायला हवेत, कारण शेवटचा टप्पा हळू भरतो. दीड तासात हिरवा दिवा लागला तर आत हजार-बाराशेच आहेत.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

समजा डोक्याच्या दिव्यात दोन सेल शेजारी-शेजारी, समांतर जोडणीत आहेत. दिवा मधल्या उजेडावर ०.९ अँपिअर ओढतो. दोन्ही सेलवर ‘१८६५०, ३.७ व्होल्ट, ९९०० एमएएच’ छापलेलं, जातीची अक्षरं नाहीत. तक्रार अशी की रात्री दहाला लावलेला दिवा बारा-साडेबारालाच मंद होतो, पाण्याची पाळी अजून निम्मीही झालेली नसते.

नाव वाचल्यावरच दोन गोष्टी खटकतात: अक्षरं गायब आणि आकडा ४००० च्या वर. माप घेतलं तर १८.३ बाय ६६.७, म्हणजे बटणाचा सेल, खाचेत नीट बसतोय, मापाचा दोष नाही. वजन ३३ ग्रॅम, नापास. व्होल्टेज भरल्यावर ४.१८, रात्रभरात ४.१६, म्हणजे सेल लहान आहे पण गळत नाही. मोजलेली क्षमता प्रत्येकी ११२०. दोघांची बेरीज २२४०, भागिले ९०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच तास. तक्रारीतल्या वेळेशी उत्तर जुळलं. दिव्यात काहीही बिघाड नाही.

आता काय घ्यायचं? पाळी आठ तासांची असेल तर आठ गुणिले ९००, म्हणजे ७२०० एमएएच हवेत. दोन १८६५० मध्ये जास्तीत जास्त ७००० मिळतात, तेही सेल नवे असताना. तेव्हा दोन मार्ग आहेत: बटणाचे दोन अस्सल ३५०० घ्यायचे आणि मधून उजेड एक पायरी खाली ठेवायचा, किंवा २६०० चे दोन स्वस्तातले घेऊन पाच-पावणेसहा तासांवर समाधान मानायचं आणि एक भारलेली जोडी सोबत ठेवायची. रोज शेतावर जाणाऱ्याला दुसरा मार्ग जास्त सोयीचा पडतो, कारण एक जोडी घरी चार्जिंगला आणि एक दिव्यात राहते. सुटी जोडी खिशात किल्ल्यांसोबत टाकू नका, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा.

समांतर खाचेत टाकायचे दोन्ही सेल एकाच मॉडेलचे, एकाच वयाचे आणि टाकण्याच्या वेळी एकाच व्होल्टेजचे हवेत. एक ४.२ वर आणि दुसरा ३.३ वर असताना शेजारी बसवले तर भरलेला सेल रिकाम्यात जोरात करंट ओततो, आणि तो रोखायला मध्ये कोणीच नसतं. फरक ०.०५ व्होल्टच्या आत आणून मगच बसवा. जुन्या खोट्या सेलपैकी एक ठेवून शेजारी एक नवा, ही काटकसर करू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

वरच्या सगळ्या तपासण्या सुट्या, हाताने काढता येणाऱ्या सेलसाठी आहेत. फवारणीच्या पंपात, सायकलला किंवा स्कूटरला असतो तसा, धातूच्या पत्र्यांनी सेल जोडलेला पॅक असेल तर बाहेरून व्होल्टेज मोजण्यापलीकडे घरी जाऊ नका. त्यात तीन किंवा अधिक सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एकच सेल बदलला की बाकीच्यांशी त्याचं जमत नाही, आणि सगळ्या सेलच्या चार्जिंगवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएस बोर्डाची तार चुकीच्या जागी लागली की बोर्ड तिथेच जळतो. पत्र्या स्पॉट वेल्डिंगने लावायच्या असतात. सेलच्या बुडावर थेट सोल्डरची इस्त्री धरली तर उष्णतेने आतला विभाजक पडदा वितळतो. स्पॉट वेल्डर आणि सेल तपासायचं यंत्र दोन्ही असलेल्या बॅटरी पॅकवाल्याकडेच पॅक द्या. ‘सगळे सेल एकाच मॉडेलचे टाकणार का, आणि प्रत्येकाची क्षमता मोजून जुळवणार का’ हे दोन प्रश्न विचारा. उत्तर टाळलं तर पॅक परत घ्या.

सुट्या सेलच्या बाबतीतही खालीलपैकी काही दिसलं तर तपासणी संपली: बूड फुगलेलं, धन टोकाशी गंज किंवा ओल, गोडसर रसायनाचा वास, पत्र्याला खोक, चार्ज होताना हाताला सोसणार नाही इतकी उष्णता. सेल तापत असेल तर चार्जरचा प्लग भिंतीतून काढा. सेल हाताने काढायला जाऊ नका, शक्य असेल तर लांब चिमट्याने उघड्यावर फरशीवर किंवा वाळूत ठेवा आणि काही तास जवळ जाऊ नका. धूर निघाला तर घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

नापास झालेले सेल घंटागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबताना ते चिरडले जातात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून सुक्या डबीत जमवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. डबीवर ‘खराब’ असं मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर घरातलंच कोणीतरी तो ९९०० चा सेल पुन्हा टॉर्चमध्ये टाकतं.